दर, देणी आणि पुढचे बियाणे : शेतकरी कंपनीच्या सभेचे इतिवृत्त

शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची सभा झाली, की जे प्रोसिडिंग बुकात उतरते ते इतिवृत्त. सभेत कोण काय बोलले हे त्यात येत नाही. मंडळाने काय ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले आणि ते कोणी कधीपर्यंत करायचे, एवढेच त्यात असते. खरेदीच्या हंगामातल्या सभेत साधारण तीन विषय सगळा वेळ घेतात : माल कोणत्या दराने घ्यायचा, घेतलेल्या मालाचे पैसे सभासदांना कधी आणि किती द्यायचे आणि पुढच्या हंगामासाठी आतापासून काय करून ठेवायचे. बहुतेक कंपन्यांच्या बुकात या तिन्ही विषयांवर ठराव सापडतात. पण त्या ठरावांमागचा हिशोब सापडत नाही. सहा महिन्यांनी एखादा सभासद ‘माझ्या मालाला कमी भाव का लागला’ असे विचारतो, तेव्हा अडचण होते ती इथेच.

उत्पादक कंपनी हा प्रकार योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आला. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याच्या तरतुदी २०१३ च्या कंपनी कायद्यात २१-अ या प्रकरणात आहेत. रचनेने ही कंपनीच आहे, पण सभासदाकडे कितीही शेअर असले तरी त्याला मत एकच. मंडळात पाच ते पंधरा संचालक असतात आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे गावच्या बोलीतला सीईओ, पदसिद्ध संचालक असतो. तीन महिन्यांतून किमान एक आणि वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. सभेची नोटीस सात दिवस आधी पाठवायची असते; त्याहून कमी मुदतीत सभा बोलावली तर त्याचे कारण लेखी नोंदवावे लागते. गणसंख्या एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर हाच तपशील असतो. नोटिशीची तारीख आणि हजर संचालकांची नावे नसतील, तर पुढचे सगळे ठराव वादात ओढता येतात, म्हणून तो कोरडा वाटला तरी गाळायचा नसतो.

बाकीची गोष्ट एका उदाहरणातून पाहू. लातूर जिल्ह्यातली एक कंपनी धरू. सभासद चारशेच्या आसपास, मुख्य पीक सोयाबीन. सभा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भरली आहे, सातपैकी पाच संचालक आणि सीईओ हजर आहेत. कंपनी आणि तिचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. हिशोबाची रीत मात्र खरी आहे.

पहिला विषय दराचा. अनेक बुकांत इथे एकच ओळ असते : ‘सोयाबीन ४,२९० रुपये क्विंटल दराने खरेदी करण्याचे सर्वानुमते ठरले.’ हा ठराव दुसऱ्या दिवशीच शिळा होतो. तेल प्लांटचा दर रोज, कधी दिवसातून दोनदा बदलतो आणि मंडळ काही रोज बसत नाही. म्हणून जाणते मंडळ आकडा ठरवत नाही, आकडा काढायची रीत ठरवते आणि रोजचा दर लावायचे काम सीईओ व दोन संचालकांच्या खरेदी समितीकडे देते. इतिवृत्तात ती रीत पूर्ण लिहिलेली हवी.

रीत सुरू होते प्लांटच्या पोहोच दरापासून. तीन प्लांटचे त्या सकाळचे दर मागवले, त्यांतला ज्याच्याशी सौदा झाला तो ४,४६० रुपये. हा दर ‘दहा-दोन-दोन’ मालाचा, म्हणजे ओलावा १० टक्के, माती-काडी २ टक्के आणि डागी दाणे २ टक्के. यातून कंपनीचा खर्च वजा होतो. वाहतूक ५५ रुपये, हमाली आणि भराई २०, बारदान्याची झीज १२. गोदामात आणि वाटेत होणारी घट अर्धा टक्का धरली तर २२ रुपये. प्लांटचे पैसे साधारण पंधरा दिवसांनी येतात. तेवढे दिवस अडकलेल्या रकमेचे १२ टक्क्यांनी व्याज २१ रुपये. कंपनीचा पगार, भाडे, वीज चालवण्यासाठी ४० रुपये. एकूण १७० रुपये गेले आणि सभासदाचा दर ४,२९० झाला.

हे सहा आकडे इतिवृत्तात असण्याचा उपयोग लगेच दिसतो. उद्या प्लांटचा दर ४,४०० झाला, तर खरेदी समितीला कोणाला विचारावे लागत नाही. खर्चाचे १७० रुपये वजा केले की दर ४,२३०. मात्र समितीला दोन गोष्टी करता येत नाहीत : मंडळाच्या संमतीशिवाय खर्चाचे आकडे बदलणे आणि एका दिवसात दोन सभासदांना दोन दर लावणे. रोजचा दर, प्लांटचे नाव आणि दर मिळाल्याची वेळ एका रजिस्टरला लिहायची आणि ते रजिस्टर पुढच्या सभेपुढे ठेवायचे, असे ठरावातच म्हटलेले असते. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात रजिस्टर पाहिल्याची नोंद नसेल, तर मंडळाने समितीला अधिकार दिला पण हिशोब मागितला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दराच्या ठरावात आणखी एक वाक्य असायलाच हवे आणि नेमके तेच सुटते : सौदा न झालेला किती माल गोदामात ठेवायचा. एक ट्रक म्हणजे सुमारे २०० क्विंटल. सौदा न करता ट्रकभर माल घेतला आणि दर शंभर रुपयांनी उतरला, तर तोटा २०,००० रुपये. त्या ट्रकवर कंपनीचे उत्पन्न क्विंटलला ४० रुपयांप्रमाणे ८,००० रुपये. एका घसरणीत अडीच ट्रकांची कमाई जाते. २०२१ च्या डिसेंबरात सोयाबीनचे वायदे व्यवहार थांबवण्यात आले, तेव्हा पुढच्या महिन्याचा दर आज बांधून घेण्याचा तो मार्गही बंद झाला. अशा स्थितीत ‘बिनसौद्याचा माल एका ट्रकपेक्षा जास्त नको’ ही मर्यादा हेच छोट्या कंपनीचे संरक्षण. भाव चढेल या आशेने माल धरून ठेवायचा असेल, तर तो निर्णय वेगळा ठराव करून, किती क्विंटल आणि किती दिवस हे लिहून घ्यावा. भावाचा अंदाज चुकणे हा गुन्हा नाही, पण तो अंदाज कोणी केला याची नोंद नसणे सभासदांवर अन्याय आहे.

हमीभावाचा प्रश्न सभेत निघतोच. २०२४-२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. बाजारभाव त्याखाली असताना कंपनीने ४,२९० ने का घ्यावे, हा सभासदाचा प्रश्न रास्त आहे. हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी लागते, एकरी किती माल घ्यायचा याला मर्यादा असते, ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो (२०२४ च्या हंगामात ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आली होती) आणि पैसे यायला वेळ लागतो. रब्बीच्या पेरणीला पैसा हवा असलेला शेतकरी थांबू शकत नाही. कंपनी स्वतः हमीभावाचे केंद्र चालवत असेल, तर तो माल सरकारी यंत्रणेच्या वतीने घेतलेला असतो, कंपनीला फक्त तिचे कमिशन मिळते. म्हणून त्या खरेदीचा ठराव, साठा आणि रजिस्टर वेगळे ठेवावे लागते. दोन्ही माल एका थप्पीत आले, की कोणता क्विंटल कोणत्या दराचा हे कोणालाच सांगता येत नाही.

आता कपातीचा तक्ता. गावात सर्वांत जास्त वाद होतो तो दरावरून नाही, कपातीवरून. आपल्या कंपनीच्या तक्त्यात १० टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्का ओलाव्याला दरात एक टक्का कपात आहे, १२ च्या वर माल घेतलाच जात नाही, वाळवून आणायला सांगतात. माती-काडी २ टक्क्यांच्या वर गेली तर तीच एकास एक कपात. कपात वजनात करायची की दरात, हेही लिहिलेले हवे. दोन्हीकडे झाली तर सभासदाचे दोनदा नुकसान होते आणि हिशोबपट्टीवर ते चटकन दिसत नाही.

एकास एक ही कपात न्याय्य आहे का, हे पडताळता येते. १२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो मालात कोरडा भाग ८८ किलो. तो वाळवून १० टक्क्यांवर आणला, की वजन ९७.८ किलो उरते. म्हणजे वाळवण्यात २.२ किलो घट येते आणि कंपनी कापते २ टक्के. शेतकऱ्याने माल वाळवून आणला काय किंवा तसाच घातला काय, पैशांत फार फरक पडत नाही. पण हीच कपात एकास दोन केली, तर २.२ टक्के घटीसाठी ४ टक्के कापले जातात आणि वरचे सगळे खरेदीदाराच्या पदरात जाते. हा हिशोब एकदा इतिवृत्तात मांडून ठेवला तर तक्त्यावरची निम्मी भांडणे मिटतात, असे म्हणायला हरकत नाही.

तक्ता बरोबर असून मोजणारे यंत्र चुकू शकते. ओलावामापक अर्धा टक्का जास्त दाखवत असेल, तर क्विंटलमागे सुमारे २१ रुपये सभासदाच्या खिशातून विनाकारण जातात. यंत्र कमी दाखवत असेल, तर तेवढेच पैसे कंपनीचे जातात. हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रत्येक ट्रकला प्लांटने काढलेला ओलावा आणि कंपनीने त्या ट्रकमधल्या मालाचा नोंदवलेला सरासरी ओलावा शेजारी शेजारी लिहायचा. फरक कधी वर, कधी खाली असेल तर ते नमुन्यातले नेहमीचे कमीजास्त. पाच ट्रकांत पाचही वेळा फरक एकाच बाजूला गेला, तर यंत्र तपासून घ्यावे लागते, नाहीतर नमुना घेण्याची पद्धत. पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेला नमुना आणि परखीने आतून काढलेला नमुना सारखे येत नाहीत. हा ट्रकवार तक्ता इतिवृत्ताला परिशिष्ट म्हणून जोडलेला असावा आणि त्याचा उल्लेख ठरावात असावा.

दुसरा विषय देण्यांचा. कायद्याने इथे उत्पादक कंपनीला एक खास सोय दिली आहे. सभासदाने घातलेल्या मालाची मंडळ ठरवेल तेवढीच किंमत सुरुवातीला देता येते. उरलेली रक्कम राखून ठेवून नंतर रोख, वस्तूरूपाने किंवा शेअरच्या रूपाने देता येते. या राखून ठेवलेल्या किमतीचा आकडा ठरवण्याचा अधिकार मंडळाचा आहे. आपल्या कंपनीने ४,२९० पैकी क्विंटलला ५० रुपये राखून ठेवायचे ठरवले. म्हणजे हातात ४,२४०. लातूरच्या बाजारात त्या दिवशी ४,३०० निघाले, पण गावातून तिथे माल नेण्याचे भाडे आणि किरकोळ खर्च ७० रुपये धरला तर शेतकऱ्याच्या हातात ४,२३० उरतात. गावात येऊन रोख घेणारा व्यापारी ४,१८० देतो. या तुलनेचे दोन आकडे ठरावात लिहिणे चांगले, कारण राखीव रक्कम किती ठेवता येईल हे त्यांच्यावरच अवलंबून असते. शंभर रुपये राखले असते तर हातातली रक्कम बाजारापेक्षा खाली गेली असती आणि माल दुसरीकडे वळला असता.

एका सभासदाची हिशोबपट्टी पाहू. माल १८ क्विंटल ४० किलो, ओलावा १२ टक्के, माती-काडी ३ टक्के. ओलाव्याची दोन आणि मातीची एक अशी तीन टक्के कपात, म्हणजे १२८ रुपये ७० पैसे. दर उरला ४,१६१.३०. त्यातले ५० राखीव, म्हणून आता द्यायचा दर ४,१११.३०. एकूण ७५,६४८ रुपये. जूनमध्ये कंपनीकडून उधारीवर नेलेल्या बियाणे-खताचे ६,८०० रुपये येणे होते. सभासदाच्या लेखी संमतीने ते वळते केले. खात्यावर ६८,८४८ रुपये गेले. कंपनीकडे त्याच्या नावावर राखीव ९२० रुपये राहिले. संमतीचा कागद नसताना उधारी कापणे हे कंपनी आणि सभासद यांच्यातला विश्वास तुटण्याचे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून उधारी-वसुलीच्या ठरावात ‘लेखी संमती घेऊन’ हे तीन शब्द असावेत आणि ते पाळलेही जावेत. उधारीच्या यादीत संचालक किंवा त्यांचे नातेवाईक असतील तर आणखी जपावे लागते. इतर सभासदांना व्यवसायासंबंधीची आगाऊ रक्कम मंडळ मंजूर करू शकते, संचालकांच्या कर्जाच्या अटी आणि मर्यादा मात्र सर्वसाधारण सभेने ठरवायच्या असतात.

राखीव ९२० रुपयांबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. बऱ्याच ठिकाणी ते ‘बोनस’ म्हणून वाटले जातात आणि इतिवृत्तातही तसेच लिहिले जाते. ती रक्कम बोनस नाही. ती त्याच्याच मालाची किंमत आहे, कंपनीवरचे देणे आहे आणि ताळेबंदात ती देण्याच्या बाजूलाच दिसली पाहिजे. वर्षअखेरीस कंपनीला जो वाढावा उरतो, त्यातून राखीव निधीची तरतूद झाल्यावर सभासदांना मालाच्या प्रमाणात जे मिळते ते वेगळे. कायद्यात त्याला आश्रय-बोनस म्हणता येईल अशी संज्ञा आहे. त्याची मंडळ फक्त शिफारस करू शकते, मंजुरी सर्वसाधारण सभेची. समजा वर्षभरात ३,००० क्विंटल खरेदी झाली आणि वाटपासाठी ६०,००० रुपये उरले, तर क्विंटलला २० रुपये. वरच्या सभासदाला ३६८ रुपये मिळतील. ज्याचे शेअर भरपूर आहेत पण ज्याने एक पोतेही घातले नाही, त्याला या बोनसमधून काही मिळणार नाही; त्याच्या वाट्याला शेअरवरचा मर्यादित परतावा येतो. नोव्हेंबरच्या मंडळ सभेत ‘क्विंटलला २० रुपये बोनस देण्यात यावा’ असा ठराव करणे म्हणूनच दुहेरी चूक आहे : वर्षाचा वाढावा अजून कळलेला नाही आणि अधिकारही मंडळाचा नाही.

थकलेल्या देण्यांची नोंद हा इतिवृत्तातला सर्वांत प्रामाणिक भाग असायला हवा. आपल्या कंपनीने सभेच्या दिवसापर्यंत ९६ सभासदांकडून १,१८० क्विंटल घेतले. ७१ जणांचे पैसे गेले, २५ जणांचे राहिले. ‘उर्वरित सभासदांचे पैसे लवकरात लवकर द्यावेत’ एवढेच लिहिले तर त्या २५ जणांबद्दल काहीच कळत नाही. कारणे वेगवेगळी केली की चित्र उघडते. सात जणांचे बँक खाते चुकीचे किंवा बंद पडलेले. चार जणांच्या सभासदत्वावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही; वडिलांच्या नावावर शेअर, मुलाच्या नावावर खाते. या अकरा जणांची रक्कम बँकेत बाजूला काढून ठेवलेली आहे, कागद आले की देता येते. उरलेल्या चौदा जणांचे कारण मात्र वेगळे आहे : कंपनीकडे पैसाच नाही.

तो का नाही, हे शोधायला फार मोठा हिशोब लागत नाही. पाच ट्रक गेले, तीन ट्रकांचे पैसे प्लांटकडून आले. दोन ट्रकांचे, म्हणजे ४०० क्विंटलचे यायचे आहेत आणि १८० क्विंटल गोदामात आहे. सभासदांना द्यायच्या दराने या ५८० क्विंटलमध्ये ढोबळ मानाने २४ लाख ५९ हजार रुपये अडकले. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा ३० लाख, तेव्हा पैसे पुरायला हवे होते. पण त्यातले ९ लाख ऑक्टोबरात हरभऱ्याचे बियाणे आणि खत आणण्यात गेले आणि ते अजून उधारीत आहेत. खरेदीसाठी उरले २१ लाख. तूट साडेतीन लाखांच्या थोडी वर, म्हणजे साधारण ८५ क्विंटलचे पैसे. चौदा लहान शेतकऱ्यांचा माल तेवढाच आहे.

हे लिहिले गेले, तर ठराव आपोआप धारदार होतो. प्लांटकडचे दोन ट्रकांचे पैसे येताच पहिल्यांदा या चौदा जणांना, माल घातल्याच्या तारखेच्या क्रमाने द्यायचे. तोवर नवी खरेदी पैसे हातात असतील तेवढीच करायची. पुढच्या वर्षी खत-बियाण्याच्या उधारीसाठी खरेदीच्या मर्यादेला हात लावायचा नाही. थकबाकीदारांच्या यादीत संचालकांपैकी कोणाचे पैसे आधी गेले आहेत का, हेही या क्रमावरून दिसते. तीन दिवसांत पैसे देऊ असे सांगून माल घेणारी कंपनी पंधराव्या दिवशी गप्प बसते, तेव्हा तो शेतकरी पुढच्या हंगामात परत येत नाही. त्याचे न येणे कोणत्याही हिशोबपट्टीत दिसत नाही, म्हणून थकबाकीची तारीखवार यादी दर सभेला मांडणे याला पर्याय नाही.

तिसरा विषय पुढच्या खरिपाचा. नोव्हेंबरात जूनची चर्चा लवकर वाटते, पण सोयाबीनच्या बाबतीत हीच वेळ आहे. सोयाबीन स्वपरागित पीक असल्यामुळे घरचे चांगले बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते, आणि ते बियाणे आत्ता गोदामाच्या दारात धान्य म्हणून येत असते. आज बाजूला काढले नाही तर ते प्लांटला जाऊन तेल आणि पेंड होते.

नियोजन मागणीपासून सुरू होते. १८० सभासदांनी मिळून ५४० एकर सोयाबीन लिहून दिले. एकरी ३० किलोप्रमाणे १६२ क्विंटल बियाणे लागेल. त्यांतले बरेच जण स्वतःचे राखतात, म्हणून मंडळाने ९० क्विंटलची जबाबदारी घेतली. चाळणी आणि प्रतवारीत साधारण १८ टक्के माल बाजूला पडतो, तेव्हा ९० साठी ११० क्विंटल राखावे लागतील. कोणते ११० क्विंटल, हे ठरावाचे खरे मर्म आहे. गेल्या जूनमध्ये प्रमाणित बियाणे पेरलेल्या शेतातले, एकाच वाणाचे, काढणीच्या वेळी पावसात न भिजलेले आणि मळणीयंत्राचा वेग कमी ठेवून काढलेले. सोयाबीनचे साल पातळ असते. जोरात मळलेला दाणा वरून चांगला दिसतो, पण आत अंकुराला इजा झालेली असते. अशा लॉटची यादी सभासदाचे नाव, गाव, वाण आणि पोत्यांच्या संख्येसह इतिवृत्ताला जोडतात आणि ती पोती वेगळ्या थप्पीत, उंच न रचता ठेवतात.

खर्चाचा अंदाजही तिथेच मांडला जातो. ११० क्विंटलची किंमत ४,७१,९०० रुपये. ही रक्कम खरेदीच्या मर्यादेतून घेतली तर आणखी सभासदांचे पैसे थकतील, म्हणून ती भागभांडवलातून घ्यायची, असे ठरावात स्पष्ट असते. स्वतःच्या पैशालाही मोल आहे. सात महिन्यांचे १२ टक्क्यांनी ३३,००० रुपये होतात. प्रतवारी, पिशव्या आणि साठवण यांचे क्विंटलला ३०० धरून आणखी ३३,०००. बाजूला पडलेला २० क्विंटल माल ३,५०० ने विकला तर ७०,००० परत येतात. उरलेला खर्च ९,००० किलोंवर वाटला, की किलोला ५२ रुपये, एकरी १,५६० रुपये. सभासदाला बियाणे काय भावाने पडेल हे नोव्हेंबरातच कळते आणि त्याने मागणी पक्की करायची की नाही हे तोच ठरवू शकतो.

या नियोजनातला धोका उगवणीचा आहे. सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते आणि ती साठवणुकीत घसरते. म्हणून एकच चाचणी पुरत नाही. डिसेंबर, मार्च आणि मे अशा तीन चाचण्या, प्रत्येक लॉटमधून शंभर दाणे ओल्या गोणपाटात घेऊन. मार्चमध्ये एखादा लॉट सत्तरच्या खाली आला, तर तो त्याच महिन्यात धान्य म्हणून विकायचा, हे आधीच लिहून ठेवले तर मेमध्ये मोह होत नाही. सभासदाने स्वतःच्या घरी ठेवलेल्या बियाण्याचे वेगळे. तिथे उगवण ६० टक्के निघाली तर एकरी ३० ऐवजी ३५ किलो पेरून भागवता येते. कंपनी मात्र बियाणे म्हणून विकते तेव्हा तिला बियाणे विक्रीचा परवाना लागतो आणि पिशवीवरच्या लेबलची जबाबदारी तिची असते. परवान्याचा क्रमांक आणि मुदत ठरावात घेतली, की तो जूनमध्ये संपल्याचे ऐन पेरणीत कळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पाण्याची सोय असलेल्या शेतात उन्हाळी सोयाबीन घेऊन बीजोत्पादन करण्याचा पर्यायही सभेत चर्चेला येतो. बियाणे ताजे मिळते, फार काळ साठवावे लागत नाही. पण ते पीक एप्रिल-मेमध्ये निघते, फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना ऊन तापले तर दाणा बारीक राहतो, आणि पाणी कमी पडले तर सगळेच जाते. ज्यांच्या विहिरीला मेपर्यंत पाणी टिकते अशाच सभासदांची नावे घ्यावीत, एवढी अट तरी त्या ठरावात असावी. प्रमाणित बियाणे करायचे तर अकोल्याला मुख्यालय असलेल्या राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेकडे वेळेत नोंदणी करून शेतपाहणी करून घ्यावी लागते. ते काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहिले जाते.

खत-औषधांच्या खरेदीत एखाद्या संचालकाचे स्वतःचे कृषी सेवा केंद्र असणे ग्रामीण भागात नवलाचे नाही. आपला संबंध त्याने चर्चेआधी सांगितला पाहिजे आणि तो सांगितल्याची नोंद इतिवृत्तात झाली पाहिजे. त्या विषयापुरते त्याने बाहेर थांबणे आणि दुसऱ्या दोन दुकानांची दरपत्रके जोडणे ही चांगली प्रथा. ठरावाला कोणाचा विरोध असेल तर त्या संचालकाचे नाव लिहावेच लागते. ‘सर्वानुमते’ हा शब्द सवयीने प्रत्येक ठरावाच्या शेवटी लावला जातो. विरोध झालेला असताना तो लावणे म्हणजे खोटी नोंद.

सभेनंतर तीस दिवसांच्या आत इतिवृत्त बुकात उतरवावे लागते. पानांना सलग क्रमांक असतात, प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही किंवा आद्याक्षरी असते, शेवटच्या पानावर तारखेसह पूर्ण सही. छापलेला कागद आणून बुकात चिकटवता येत नाही. मसुदा संचालकांकडे आधी पाठवला, तर चुकलेला आकडा सही होण्यापूर्वी दुरुस्त होतो. सही झाल्यावर खाडाखोड चालत नाही. ४,२९० च्या जागी ४,९२० लिहिले गेले असेल, तर पुढच्या सभेत नवा ठराव करून ती चूक नोंदवायची आणि दुरुस्त करायची. हे बुक कायम जपायचे असते. पुढच्या सभेची सुरुवात मागचे इतिवृत्त वाचून होते आणि त्यानंतर लगेच कार्यवाहीचा अहवाल येतो : चौदा सभासदांचे पैसे कोणत्या तारखेला गेले, अकरा जणांपैकी किती खाती जुळली, ट्रकवार ओलाव्याचा फरक किती आला, बियाण्याच्या ११० पैकी किती क्विंटल खरोखर थप्पीत आहेत आणि डिसेंबरच्या चाचणीत कोणत्या लॉटची उगवण किती निघाली.